एका टोमॅटोचे तीन भाव

धंदा आणि माहिती : लेखांक ५

मागच्या लेखांकात ईआरपीतल्या खरेदी, साठा, विक्री आणि हिशोब या चार मॉड्यूल्सची ओळख झाली. वर्गात ती वेगवेगळी शिकवली जातात, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न तसाच राहतो. या वेळी एकाच मालाचा पाठपुरावा करू. माल आहे टोमॅटो आणि ठिकाण आहे पुण्याची मंडई.

ही इमारत १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली, पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. आज भाजीचा घाऊक व्यवहार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात होतो आणि मंडईतल्या गाळ्यांवर मुख्यतः किरकोळ विक्री चालते. समजा, मंडईतला एक गाळेधारक पहाटे मार्केट यार्डातून माल उचलतो. त्यातला काही गाळ्यावर विकतो आणि काही पेठांमधल्या हॉटेलांना व खाणावळींना उधारीवर पोचवतो. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण व्यवहाराची रीत खरी आहे.

त्याने वीस क्रेट टोमॅटो घेतले. क्रेट वजा जाता प्रत्येकी २० किलो, म्हणजे ४०० किलो माल झाला. मार्केट यार्डात फळभाजीचा भाव दहा किलोंवर बोलला जातो. भाव ठरला २०० रुपये, म्हणून मालाची किंमत ८,००० रुपये. खरेदी मॉड्यूलमध्ये आडत्याचे बिल चढले की प्रणालीच्या लेखी टोमॅटो २० रुपये किलो होतो. हा पहिला भाव.

माल गाळ्यावर येईपर्यंत आडत, हमाली, तोलाई आणि टेम्पोभाडे मिळून १,२०० रुपये लागले. ही रक्कम हिशोब मॉड्यूलमध्ये नोंदली जाते. ती निव्वळ ‘खर्च’ या खात्यात टाकून दिली, तर टोमॅटो कागदावर २० रुपयांचाच राहतो. ती या खरेदीला जोडली, तर एकूण ९,२०० रुपये होतात आणि भाव २३ रुपयांवर जातो. माल दारात येईपर्यंतच्या या खर्चाला ईआरपीत ‘लँडेड कॉस्ट’ म्हणतात. हा दुसरा भाव.

मग माल निवडला जातो. दबलेले, फुटलेले, पाणी सुटलेले टोमॅटो बाजूला निघतात. समजा ४० किलो गेले आणि विकण्याजोगे ३६० किलो उरले. साठा मॉड्यूलमध्ये ही घट नोंदली की तेच ९,२०० रुपये आता ३६० किलोंवर बसतात आणि किलोला सुमारे २५ रुपये ५६ पैसे पडतात. हा तिसरा भाव. धंद्याचा निर्णय याच भावावर घ्यायला हवा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. खरेदी करणाऱ्याला पहिला भाव माहीत आहे, हिशोब लिहिणाऱ्याला दुसरा आणि माल निवडणाऱ्याला घट माहीत आहे. तिघांच्या तीन वह्या असतील, तर तिसरा भाव कोणाच्याच वहीत सापडत नाही. ईआरपीत प्रत्येक जण आपापली नोंद एकदाच करतो आणि ती सगळ्यांच्या हिशोबात धरली जाते. म्हणून तिथे तो भाव मिळतो.

आता विक्री पाहू. हॉटेलांना २८ रुपयांनी २०० किलो गेले, त्याचे ५,६०० रुपये झाले. गाळ्यावर ३६ रुपयांनी १६० किलो गेले, त्याचे ५,७६० रुपये आले. हॉटेलांना माल पोचवायला ५०० रुपये लागले. दिवसाची विक्री ११,३६० रुपये. त्यातून ९,२०० आणि ५०० वजा केले की १,६६० रुपये उरतात. गाळ्याचे भाडे आणि पगार अजून धरलेले नाहीत, तरी दिवस बरा गेला असे वाटेल.

एमआयएसचे काम इथून सुरू होते. ईआरपी व्यवहार नोंदवते, एमआयएस त्या नोंदींना प्रश्न विचारते. मालकाचा प्रश्न असा : नफा कुठल्या गिऱ्हाइकाकडून आला? अहवाल गिऱ्हाइकाच्या प्रकारानुसार फोडला, तर गाळ्यावरच्या विक्रीत सुमारे १,६७१ रुपये सुटलेले दिसतात. हॉटेलांच्या विक्रीत २५.५६ च्या भावाने सुमारे ४८९ रुपये उरतात आणि पोचवण्याचे ५०० गेले की ११ रुपयांचा तोटा होतो. शिवाय हे पैसे उधारीत अडकलेले आहेत. पहिल्या भावाने हिशोब करणाऱ्या मालकाला मात्र इथे किलोमागे आठ रुपये सुटतात असेच वाटत राहील.

हे गणित बिघडते ते बहुतेक वेळा एककात. भाव दहा किलोंचा, माल क्रेटमध्ये, विक्री किलोत आणि पावात. वस्तूच्या मूळ नोंदीत, म्हणजे ‘आयटम मास्टर’मध्ये, या सगळ्यांचे नाते नीट बसवावे लागते. टॅलीच्या बिलात दराशेजारी per असा रकाना असतो. दर २०० लिहून त्या रकान्यात किलो राहिले, तर ८,००० चे बिल ८०,००० होते. रक्कम आडत्याच्या बिलाशी ताडली की ही चूक लगेच सापडते. उलट वीस क्रेटऐवजी वीस किलो चढले आणि रक्कम मात्र हाताने बरोबर टाकली, तर बिल जुळते आणि चूक लपते. ती दुपारी उघड होते, कारण वीस किलो विकून झाल्यावर साठा उणे दिसू लागतो. उणे साठ्याचा अहवाल रोज पाहायचा तो यासाठी. हातात नसलेला माल कोणी विकू शकत नाही, तेव्हा उणे आकडा दिसला की नोंद चुकली किंवा राहिली, हे नक्की.

घटीच्या नोंदीत दुसरा धोका आहे. रोज संध्याकाळी खराब माल तोलायचा कंटाळा येतो, मग सरसकट दहा टक्के घट टाकली जाते. अशा वेळी एमआयएस आपलाच अंदाज आपल्याला छापून परत देते. हे ओळखणे सोपे आहे. पावसाळ्यातल्या भिजलेल्या मालाची आणि हिवाळ्यातल्या कडक मालाची घट सारखीच दिसत असेल, तर कोणी तोललेले नाही.

बरोबर नोंदींवरही शेवटचा निर्णय माणसालाच करावा लागतो. आपण ४० किलोंची घट सगळ्या मालावर सारखी वाटली. पण हॉटेलांना ग्रेव्हीसाठी पिकलेला, थोडा मऊ टोमॅटो चालतो, गाळ्यावरचे गिऱ्हाईक कडक टोमॅटोच निवडते. हॉटेले नसती, तर घट ४० किलोंवर थांबली नसती. तेव्हा घटीचा मोठा वाटा गाळ्यावरच्या विक्रीवर टाकणे योग्य ठरेल आणि हॉटेलांचा तोटा नफ्यात बदलेल. घट कोणावर किती टाकायची, हे ईआरपी ठरवत नाही. तो नियम धंदा ओळखणाऱ्याने घालून द्यावा लागतो आणि अहवाल वाचणाऱ्याला तो माहीत असावा लागतो.

या आठवड्याचा अभ्यास : कोथिंबिरीचा घाऊक भाव शेकडा जुड्यांवर असतो, गाळ्यावर ती जुडीने विकली जाते आणि काही हॉटेले ती किलोने मागतात. जुडीचे वजन मात्र ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे एक जुडी म्हणजे किती ग्रॅम, हे कायमचे ठरवता येत नाही. कोथिंबिरीचा आयटम मास्टर कसा मांडाल आणि वजन कोणत्या टप्प्यावर नोंदवाल, ते कागदावर लिहा. पुढच्या लेखांकात उत्तर तपासू आणि हॉटेलांकडच्या उधारीचा, म्हणजे येणे बाकीचा अहवाल वाचायला घेऊ.