बोटीवरून पाण्यात पडल्यावर माणूस किती वेळ तग धरतो?

आपल्या वर्ध्यात समुद्र नाही, पण ‘टायटॅनिक’ सगळ्यांनी पाहिलाय. त्यावरून वाटतं, पाण्यात पडलेला माणूस गारठूनच मरतो. खरं तर बरेच जण गारठण्याआधीच बुडतात.

पाणी 15 अंशांपेक्षा थंड असेल, तर पडताक्षणी तोंडातून आपोआप जोराचा श्वास आत ओढला जातो. हाच ‘कोल्ड शॉक’. त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं, तर पाणी थेट फुप्फुसात जातं. धाप साधारण मिनिटभराने कमी होते. तोवर पोहायची घाई करायची नाही, फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. पाणी गोठण्याइतकं थंड असेल, तर पुढच्या दहाएक मिनिटांत हात-पाय कामातून जातात. हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली जाणं, त्यानंतर येतो. शुद्ध हरपायला तासभरही लागू शकतो, पण लाइफ जॅकेट नसेल तर तोवर तरंगणार कसं?

आता आपल्याकडचं उदाहरण बघा. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळ पी-305 बार्ज बुडाला. त्यावर 261 जण होते. मे महिन्यातलं अरबी समुद्राचं पाणी कोमट, त्यामुळे कोल्ड शॉकचा प्रश्न नव्हता. लाइफ जॅकेट घालून काही जण कित्येक तास लाटांमध्ये तरंगत राहिले आणि नौदलाने 180 हून अधिक जणांना वाचवलं. तरीही अनेकांचा जीव गेला. पाणी कोमट असलं तरी उंच लाटा नाकातोंडात पाणी घालतात आणि थकलेल्या माणसाला तोंड वर ठेवता येत नाही.