मिरची बदलली, हिशोब बदलला

मार्च ते मे हा मसाला उद्योगाचा हंगाम. तिखट तयार करणाऱ्याने ब्याडगी किती घालावी आणि गुंटूर किती, यावर त्याचा वर्षाचा नफा ठरतो. ब्याडगी लाल रंग देते, पण तिचा तिखटपणा बेताचाच. गुंटूरची मिरची झणझणीत आणि बहुधा स्वस्त. दोन्ही दळून एकत्र होतात, त्यामुळे प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी गिरणी थांबत नाही. म्हणूनच अशा धंद्यात कच्च्या मालाचा खर्च का वाढला किंवा घटला, हे नुसत्या एकूण बिलावरून कळत नाही.

हिशोबासाठी गोल आकडे घेऊ. एका कारखान्याने ठरवलं आहे की शंभर किलो मिरचीत साठ किलो ब्याडगी आणि चाळीस किलो गुंटूर असावी. ब्याडगीचा ठरवलेला भाव ४०० रुपये किलो, गुंटूरचा २००. म्हणजे शंभर किलोला ३२,००० रुपये. देठ काढले, डागी मिरची निवडून टाकली, वाळवली आणि दळली, की ८० किलो तिखट हाती यावं, हा अपेक्षित उतारा. तिखटाच्या एका किलोवर मिरचीचा खर्च झाला ४०० रुपये.

एका महिन्यात हजार किलो मिरची लागली, पण दोन्ही जाती निम्म्या-निम्म्या, आणि तिखट निघालं ७८० किलो. खरेदीचा भाव ठरल्याप्रमाणेच होता असं धरू, म्हणजे भावाची तफावत मध्ये येणार नाही.

पहिला प्रश्न मिश्रणाचा. ठरलेल्या प्रमाणात हजार किलोचा खर्च ३,२०,००० झाला असता. प्रत्यक्षात वापरलेल्या मिश्रणाचा झाला ३,००,०००. शंभर किलो ब्याडगीची जागा गुंटूरने घेतली आणि किलोमागे २०० रुपये वाचले, म्हणून ही २०,०००ची अनुकूल तफावत. दुसरा प्रश्न उताऱ्याचा. हजार किलोतून ८०० किलो निघायला हवं होतं, वीस किलो कमी निघालं. ४०० रुपयांच्या दराने ही ८,०००ची प्रतिकूल तफावत. दोन्ही मिळून १२,००० रुपये वाचले. ७८० किलो तिखटाला ३,१२,००० लागायला हवे होते आणि ३,००,००० लागले, म्हणजे हिशोब जुळतो.

व्यवस्थापक इथे थांबला, तर चूक करतो. १२,०००ची बचत दाखवणाऱ्या कागदावर तिखटाचा रंग कुठेच लिहिलेला नसतो. ब्याडगी कमी झाली की रस्स्याचा लाल रंग उतरतो आणि तिखटपणा वाढतो. पुढच्या खेपेला दुकानदार माल परत पाठवतो, तेव्हा ते नुकसान वेगळ्याच खात्यात जातं. त्यामुळे मिश्रणाची तफावत वाचताना शेजारी त्याच घाण्याची रंगाची आणि तिखटपणाची चाचणी असलीच पाहिजे. तिच्याशिवाय अनुकूल तफावतीला बचत म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उताऱ्याचा दोषही लगेच गिरणीवर टाकू नये. मिरची ओलसर असेल तर खरेदीच्या काट्यावर वजन भरतं आणि वाळवताना उडून जातं. शंभर किलोमागे दोन किलो पाणी नेहमीपेक्षा जास्त असलं, तर हजार किलोत वीस किलो पाणीच मिरचीच्या भावाने घेतलं गेलं. आपल्या उदाहरणातली सगळी घट एवढ्यानेच भरून निघते. ती जबाबदारी खरेदी करणाऱ्याची. शोध घ्यायचा तर पोतं उघडल्यावर, देठ काढल्यावर, वाळवल्यावर आणि दळल्यावर असं चार ठिकाणी वजन करावं. वाळवणीतली घट जास्त असेल तर ओलावा, देठ काढतानाची जास्त असेल तर निवड किंवा हलका माल, आणि दळताना जास्त असेल तर चाळणी, गळती किंवा उडणारी भुकटी तपासावी.

आणखी एक मर्यादा ठरवलेल्या भावाची. मिरचीचा बाजार हंगामात झपाट्याने बदलतो. ब्याडगी ३०० रुपयांवर आली आणि गुंटूर २००वरच राहिली, तर त्याच बदलात प्रत्यक्ष बचत २०,००० नव्हे, १०,०००च होते. जुन्या भावावर बसलेला हिशोब मात्र अजून गुंटूरच वाढवायला सांगत राहतो. अशा वेळी हंगामाच्या मध्ये ठरवलेला भाव बदलून घ्यावा. आणि जिथे प्रमाण बदलायची मुभाच नसते, उदाहरणार्थ औषधाच्या गोळीत, तिथे प्रमाणातला फरक बचत किंवा उधळपट्टी नसतो, ती थेट चूक असते.

तिखट विकणाऱ्या लहान उद्योजकांनी किमान दोन नोंदी ठेवाव्यात: प्रत्येक घाण्यात कोणती मिरची किती गेली आणि प्रत्येक टप्प्यानंतर वजन किती राहिलं. एवढ्यावर हा सगळा हिशोब वहीच्या एका पानात मांडता येतो.