प्रमाणाच्या अंदाजासाठी नमुन्याचा आकार : नरपड येथील चिकूच्या वाडीचे उदाहरण

डहाणू तालुक्यातील नरपड व आसपासच्या किनारपट्टीवर चिकूच्या वाड्या आहेत. चिकूची बी पोखरणाऱ्या अळीचा (ट्रायमॅलिटिस मार्गारियास) या भागातील बागाइतदारांना मोठा उपद्रव होतो. ही अळी बीच्या आत राहून वाढते आणि कोषावस्थेसाठी गर पोखरून बाहेर पडते. तोपर्यंत फळ वरून निर्दोष दिसते. एखाद्या वाडीतील शेकडा किती फळांत कीड आहे हे जाणावयाचे तर फळे चिरूनच पाहावी लागतात, आणि चिरलेले फळ विकता येत नाही. म्हणून किती फळे चिरावीत, हा प्रश्न येथे केवळ सैद्धांतिक राहत नाही.

सर्वपरिचित सूत्र असे आहे :

n = z²p(1 − p)/d²

येथे p हे अपेक्षित प्रमाण, d ही आपण पत्करलेली त्रुटिमर्यादा, आणि शेकडा ९५ विश्वासासाठी z = १.९६. प्रमाणाविषयी काहीच ठाऊक नसेल तर p = ०.५ घेण्याचा प्रघात आहे, कारण तेथे p(1 − p) ची किंमत सर्वांत मोठी होते; d = ०.०५ धरल्यास उत्तर ३८५ येते. वाडीत फळे लाखभर असोत की दहा लाख, या उत्तरात लक्षणीय फरक पडत नाही. मात्र d ठरविताना p कडे पाहणे अवश्य आहे. कीड शेकडा ५ च्या आसपास असेल, तर ५ टक्क्यांची मर्यादा जवळजवळ काहीच सांगत नाही.

या सूत्रामागे एक गृहीत आहे, आणि बहुतेक पाहण्या तेथेच फसतात. प्रत्येक फळ सर्व फळांतून स्वतंत्रपणे निवडले गेले, असे ते धरून चालते. प्रत्यक्षात आपण आधी झाड निवडतो आणि मग त्या झाडावरची काही फळे काढतो. कीड झाडाझाडांत सारखी पसरलेली नसते; एका झाडावरील फळे परस्परांशी अधिक मिळतीजुळती असतात. अशा वेळी त्याच झाडाचे विसावे फळ पहिल्या फळाइतकी नवी माहिती देत नाही. एका झाडावरील फळांतला सहसंबंध ρ आणि दर झाडामागे m फळे असल्यास सूत्राने आलेल्या n ला 1 + (m − 1)ρ या गुणकाने गुणावे लागते.

हा ρ कोठून आणावयाचा? त्यासाठी लहानशी पूर्वपाहणी पुरते. उदाहरणादाखल कल्पना करू की यदृच्छेने निवडलेल्या २० झाडांची प्रत्येकी ५ फळे चिरली. ८ झाडांवर किडके फळ एकही नाही. ७ झाडांवर एकेक, ३ झाडांवर दोन-दोन, एकावर तीन व एकावर चार निघाली. १०० फळांत २० किडकी, म्हणजे p = ०.२. फळे परस्परस्वतंत्र असती तर दर झाडाच्या किडक्या फळसंख्येचे प्रचरण ५ × ०.२ × ०.८ = ०.८ आले असते. प्रत्यक्षात ते २४ ÷ १९ = १.२६ येते. दोहोंचे गुणोत्तर १.५८ हाच आपला गुणक होय, आणि m = ५ असल्यामुळे ρ सुमारे ०.१४५ ठरतो. वीस झाडांवरून काढलेला हा आकडा स्वतःच डळमळीत असतो, तेव्हा तो थोडा वाढवून घेणे शहाणपणाचे.

आता p = ०.२ व d = ०.०५ साठी मूळ सूत्र २४६ फळे मागते. दर झाडामागे ५ फळे घेतल्यास २४६ × १.५८, म्हणजे ३८९ फळे लागतात. ७८ झाडांवरून ३९० फळे घेऊन काम भागते. याउलट, श्रम वाचविण्यासाठी १० झाडे निवडून प्रत्येकाची २५ फळे चिरली तर गुणक ४.४८ होतो. तेव्हा २५० फळांची किंमत सुमारे ५६ स्वतंत्र फळांइतकीच राहते, आणि ५ टक्के म्हणून जाहीर केलेली त्रुटिमर्यादा प्रत्यक्षात साडेदहा टक्क्यांवर जाते. अहवालात २५० हा आकडा मात्र भरघोसच दिसतो! दर झाडाची २५ फळे घेण्याचाच आग्रह असेल तर झाडे ४५ व फळे ११०० च्या वर लागतील. झाडांमधून फिरण्याचा खर्च आणि वाया जाणाऱ्या फळांची किंमत यांचा मेळ घालून m ठरवावा. बहुधा तो लहानच निघतो.

आणखी एक दोष असा आहे की n कितीही वाढविला तरी तो जात नाही. हाताला येणाऱ्या खालच्या फांद्यांचीच फळे घेतली आणि शेंड्याकडील प्रादुर्भाव वेगळा असला, तर हजार फळेही तीच चूक अधिक ठामपणे सांगतील. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ साली पीककापणीच्या प्रयोगांविषयी दाखवून दिले होते की अगदी लहान तुकडे कापल्यास उत्पन्नाचा अंदाज फुगतो. तोही याच जातीचा दोष. यासाठी प्रत्येक निवडलेल्या झाडाच्या खालच्या, मधल्या व वरच्या भागांतून, तेथील फळांच्या प्रमाणात, फळे घ्यावीत. आणि फळे टोपलीत एकत्र करण्यापूर्वी प्रत्येकावर झाडाचा क्रमांक घालावा. तो नसेल तर वरील गुणोत्तर काढण्याची वाट पुढे बंद होते.