आज डिस्चार्ज आहे

पोटाचं ऑपरेशन झालेल्या आईबद्दल भाचा नर्स असलेल्या मावशीला मेसेज करतो, असं समजा: ‘आईला आज डिस्चार्ज आहे. ड्रेसिंगचं काय करू?’

मराठीत मिसळलेला हा इंग्रजी शब्द दवाखान्यात दोन कामं करतो. एक, रुग्णाला घरी सोडणं. दुसरं, जखमेतून स्राव येणं. ‘डिस्चार्ज मिळाला’ म्हटलं तर घरी सोडलं, ‘डिस्चार्ज येतोय’ म्हटलं तर जखम वाहतेय. क्रियापदच अर्थ सांगतं. ‘आहे’ मात्र दोन्हीकडे चालतं, आणि ड्रेसिंगचा प्रश्नही दोन्हीकडे बसतो.

इथे ‘डिस्चार्ज आहे ना?’ असं विचारणं सर्वांत धोक्याचं. उत्तर ‘हो’ येणार आणि दोघं आपापला अर्थ धरून बसणार. मावशीने तो शब्दच टाळून दोन्ही अर्थ साध्या मराठीत समोर ठेवावेत: ‘आईला घरी सोडताहेत, की टाक्यांतून पाणी येतंय?’ आता नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही.

‘टाक्यांतून येतंय’ असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न रंगाचा आणि वासाचा. सुरुवातीच्या दिवसांत थोडं पातळ, फिकट गुलाबी पाणी येऊ शकतं. पिवळा-हिरवा, घट्ट, दुर्गंधी स्राव, सोबत ताप किंवा वाढती लाली असेल तर त्याच दिवशी सर्जनला दाखवायला हवं. फोटो मागवला तरी वास आणि ताप विचारावेच लागतात.