माहलरचं रक्त आणि तीन टोचण्या

फेब्रुवारी 1911. न्यूयॉर्कमध्ये संगीतकार गुस्ताव माहलर यांचा ताप हटत नव्हता. हृदयाची झडप संधिवाताच्या तापाने आधीच खराब झालेली. डॉ. लिबमन यांच्या सांगण्यावरून तरुण डॉक्टर बेअर यांनी त्यांच्या हातातून रक्त काढून जंतुवाढीसाठी ठेवलं. चार-पाच दिवसांत स्ट्रेप्टोकोकस उगवला. निदान पक्कं झालं, पण तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. 18 मे रोजी व्हिएन्नात माहलर गेले.

खरबरीत झडपेवर प्लेटलेट आणि फायब्रिनचा थर बसतो. दात घासताना किंवा काढताना रक्तात शिरलेले जंतू त्यात रुततात आणि तिथून सतत रक्तात सुटत राहतात.

आज औषध आहे, म्हणूनच घाई नडते. पहिल्या डोसनंतर रक्तातले जंतू दबतात, बाटलीत काहीच उगवत नाही, पण झडपेवरचे मरतातच असं नाही. मग चार ते सहा आठवड्यांचं औषध अंदाजाने निवडावं लागतं.

म्हणून आधी तीन वेळा, वेगवेगळ्या जागी टोचून रक्त घेतात. पहिल्या आणि शेवटच्या टोचणीत निदान तासाभराचं अंतर असतं. एकाच बाटलीत त्वचेवरचा जंतू आला, तर तो बहुधा सुईबरोबर आलेला असतो. तिन्हींत तोच आला, तर मुक्काम झडपेवर असल्याचा संशय बळावतो. रुग्ण अत्यवस्थ असेल, तर मात्र नमुने भराभर घेऊन लगेच औषध सुरू करतात.

झडपेचा आजार असेल आणि ताप रेंगाळत असेल, तर घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी घेऊ नका. आधी डॉक्टरांना झडपेबद्दल सांगा.