पंचावन्न हजार कोटी बेरजा, एकवीस लाख खण

एक स्वयंचलित पर्जन्यमापक घ्या. आत छोटी झुलती बादली असते. ठरावीक पाऊस साचला की ती कलंडते आणि एक नोंद होते. दर मिनिटाला बादली किती वेळा कलंडली हा आकडा साठवत गेलो, तर ७२८ दिवस आणि काही तासांनंतर, म्हणजे दोन वर्षांना थोडेच कमी असताना, आपल्याकडे १०,४८,५७६ आकडे जमतात. हीच संख्या निवडण्याचे कारण इतकेच, की ती २ चा २० वा घात आहे आणि पुढचा हिशोब त्यामुळे सरळ होतो.

या आकड्यांना विचारायचा प्रश्न एकच: अमुक मिनिटापासून तमुक मिनिटापर्यंत एकूण किती? असे वेगवेगळे प्रश्न किती असू शकतात? सुरुवातीचे कुठलेही मिनिट आणि शेवटचे, तेच किंवा त्यानंतरचे कुठलेही मिनिट. मोजून पाहिले तर ५४,९७५ कोटी ६३ लाख ३८ हजार १७६. प्रत्येक उत्तर आधीच काढून ८ बाइटमध्ये ठेवले, तर सुमारे ४.४ टेराबाइट जागा लागेल. मूळ आकडे मात्र जेमतेम ८ मेगाबाइटचे.

जागा एक वेळ मिळेलही. खरी पंचाईत दुरुस्तीची. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाला अडकतो, संपर्क तुटून नोंद उशिरा येते, आणि एखाद्या मिनिटाचा आकडा मागाहून बदलावा लागतो. ते मिनिट नेमके मधले असेल, तर ज्या कालखंडांत ते येते त्या सगळ्यांची उत्तरे चुकीची ठरतात. त्यांची संख्या २७,४८७ कोटी ८४ लाखांच्या वर जाते. एका मिनिटाचा आकडा बदलला आणि निम्म्याहून जास्त उत्तरे बाद झाली.

धावती बेरीज ठेवणे हा दुसरा मार्ग. प्रत्येक मिनिटापाशी सुरुवातीपासूनची एकूण बेरीज लिहिली, की कुठल्याही कालखंडाचे उत्तर एका वजाबाकीत मिळते. आकडे कधीच बदलणार नसतील तर याहून चांगले काही नाही, आणि तिथे उगाच मोठी यंत्रणा उभारू नये. पण पहिल्याच मिनिटाची दुरुस्ती आली तर साडेदहा लाख बेरजा पुन्हा लिहाव्या लागतात. उलट काहीच तयार न ठेवता प्रत्येक वेळी मिनिटे मोजत गेलो, तर दुरुस्ती फुकट होते आणि प्रश्न महाग पडतो. यादृच्छिक कालखंडाची सरासरी लांबी एकूण लांबीच्या एक तृतीयांश असते. त्यामुळे असे १० लाख प्रश्न सोडवायला सुमारे ३५,००० कोटी बेरजा कराव्या लागतात. सेकंदाला १०० कोटी बेरजा करणाऱ्या संगणकालाही त्यासाठी जवळजवळ सहा मिनिटे लागतील.

सेगमेंट ट्री या दोहोंच्या मधली वाट काढते. शेजारशेजारच्या दोन मिनिटांची बेरीज करून ठेवा, मग अशा दोन-दोन बेरजांची बेरीज, मग त्यांची, असे करत अगदी वर सगळ्यांची एक बेरीज येते. खाली १०,४८,५७६ पाने आणि त्यांच्यावर १०,४८,५७५ बेरजा, मिळून २०,९७,१५१ नोड होतात. पंचावन्न हजार कोटी प्रश्नांची उत्तरे या एकवीस लाख आकड्यांतून निघतात, आणि तीही मोजक्याच बेरजांत.

मला यातले सर्वांत सुंदर वाटते ते या झाडाचे साध्या अ‍ॅरेत मावणे. कुठल्या नोडचे मूल कोण हे कुठेही लिहून ठेवावे लागत नाही. मुळाला १ क्रमांक द्यायचा. क्रमांक `i` असलेल्या नोडचे डावे मूल `2i`, उजवे मूल `2i+1`, आणि पालक म्हणजे `i` ला २ ने भागून, बाकी सोडून, आलेला भागाकार. शून्य क्रमांकाचा खण रिकामा राहतो. ही क्रमांक देण्याची रीत संगणकापेक्षा फार जुनी आहे. १५९० मध्ये मिखाएल आयत्सिंगर यांनी युरोपातल्या राजघराण्यांचे पूर्वज असेच मांडले होते: व्यक्ती १, वडील २, आई ३, वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५. अ‍ॅरेतल्या या मांडणीला आजही त्यांचे नाव दिले जाते.

आठ मिनिटांचे छोटे उदाहरण हाताने करून पाहू. आकडे ५, ३, ८, ६, २, ७, ४, १ आणि स्थाने ० ते ७. पाने अ‍ॅरेच्या उत्तरार्धात, म्हणजे ८ ते १५ या खणांत बसतात: स्थान ० खण ८ मध्ये, स्थान ७ खण १५ मध्ये. त्यावर खण ४ मध्ये ५+३=८, खण ५ मध्ये १४, खण ६ मध्ये ९, खण ७ मध्ये ५. मग खण २ मध्ये २२, खण ३ मध्ये १४ आणि खण १ मध्ये ३६.

क्रमांक द्विमान पद्धतीत लिहिला तर तो खण कुठे आहे ते त्यातच वाचता येते. स्थान ५ चा खण १३, म्हणजे 1101. पहिला 1 म्हणजे मूळ, आणि पुढचे 101 म्हणजे उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. शेवटचा अंक पुसत गेलो की 110, 11, 1, अर्थात ६, ३, १ असे पालक ओळीने हाती येतात. म्हणून आकड्यांची संख्या `n` आणि झाडाचा अ‍ॅरे `t` मानला, तर दुरुस्तीचे काम एवढ्याच ओळींत संपते:

```
def update(i, x):
    i += n
    t[i] = x
    while i > 1:
        i //= 2
        t[i] = t[2*i] + t[2*i+1]
```

स्थान २ वरचा ८ बदलून १० केला, तर खण १० मध्ये १०, खण ५ मध्ये १६, खण २ मध्ये २४ आणि खण १ मध्ये ३८ येतात. बाकीचे झाड जागचे हलत नाही. साडेदहा लाख मिनिटांच्या झाडात अशा फक्त २० बेरजा नव्याने कराव्या लागतात. मघाच्या २७,४८७ कोटींशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

प्रश्नाचे उत्तर खालून वर चढत काढायचे. दुरुस्तीच्या आधीचेच आकडे घेऊन स्थान १ ते ६ ची बेरीज काढू. डावी कड खण ९ वर ठेवू. उजवी कड नेहमी शेवटच्या खणाच्या एक पुढे ठेवायची, म्हणून ती १५. डावी कड विषम आहे, म्हणजे ती उजवे मूल आहे आणि तिच्या पालकात नको असलेला शेजारीही येतो. म्हणून खण ९ मधले ३ एकटेच उचलायचे आणि कड १० वर न्यायची. उजवी कडही विषम, म्हणून ती १४ वर आणून तिथले ४ उचलायचे. दोन्ही कडा निम्म्या केल्या की ५ आणि ७ होतात. पुन्हा दोन्ही विषम: खण ५ मधले १४ घेतले, खण ६ मधले ९ घेतले, आणि दोन्ही कडा ६ वर भेटल्या. तिथे थांबायचे. ३+४+१४+९ = ३०. स्थान १ ते ६ चे आकडे सरळ मिळवूनही ३० च येतात.

```
def query(l, r):
    l += n; r += n; s = 0
    while l < r:
        if l & 1: s += t[l]; l += 1
        if r & 1: r -= 1; s += t[r]
        l //= 2; r //= 2
    return s
```

यातला `r` कालखंडात धरलेला नाही, म्हणून स्थान १ ते ६ साठी `query(1, 7)` असे विचारायचे. हा एक कमी-जास्तीचा घोळ सर्रास होतो. उत्तर नेहमी शेवटच्या एका आकड्याने कमी येत असेल, तर चूक इथेच शोधावी.

प्रत्येक पातळीवर फार तर दोन खण उचलले जातात, एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा. आठ आकड्यांत जास्तीत जास्त चार, आणि आपण निवडलेला प्रश्न नेमका तोच कठीण प्रश्न होता. साडेदहा लाख मिनिटांतला सर्वांत कठीण प्रश्नही असाच: पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून बाकी सगळे. त्यात १०,४८,५७४ आकडे येतात आणि उत्तर ३८ खणांत मिळते. मघाचे १० लाख प्रश्न आता फार तर ३.८ कोटी बेरजांत सुटतात. प्रत्यक्षात खण आणायला स्मृतीपर्यंत जावे लागते आणि तो वेळ बेरजेहून अधिक असतो, तरी सहा मिनिटांचे काम डोळ्याची पापणी लवण्याच्या आसपास येऊन ठेपते.

आकडे दुप्पट झाले की झाडाची एकच पातळी वाढते. १४० कोटी आकड्यांना ३१ पातळ्या चढाव्या लागतात, पृथ्वीवरच्या ८०० कोटींहून अधिक माणसांना ३३.

अ‍ॅरेच्या लांबीत मात्र एक सापळा आहे. वरच्या पद्धतीत आकडे कितीही असोत, `2n` खण पुरतात. पण पुष्कळजण झाड मुळापासून खाली, मध्यावर तुकडे करत पुनरावर्तनाने बांधतात. तिथे सहा आकडे घेऊन पाहा. नोड एकूण ११ च होतात, पण खण १० आणि ११ रिकामे राहतात आणि स्थान ३ व ४ ची पाने खण १२ आणि १३ मध्ये जातात. बारा खणांचा अ‍ॅरे घेतला तर लिखाण त्याच्या बाहेर पडते. पायथॉन लगेच तक्रार करते. सी++ मध्ये प्रोग्रॅम बहुधा मुकाट चालू राहतो आणि शेजारच्या दुसऱ्याच अ‍ॅरेतले आकडे बिघडतात. म्हणून या पद्धतीत `4n` खण घ्यायचे. `n` एवढा किंवा त्याच्या वरचा सर्वांत जवळचा दोनचा घात `2n` पेक्षा कमीच असतो, आणि त्या घाताएवढ्या पूर्ण झाडाला त्याच्या दुप्पट खण लागतात. म्हणजे `4n` कधीच अपुरे पडत नाहीत.

अ‍ॅरेची ही मांडणी कुठे हरते तेही मोजता येते. मिनिटांऐवजी नॅनोसेकंद घेतले तर साधारण साडेछत्तीस वर्षांत २ चा ६० वा घात इतकी स्थाने होतात. झाड केवळ ६० पातळ्या खोल राहील, पण अ‍ॅरेला १.८ कोटी टेराबाइट लागतील. तिथे क्रमांकांची ही रीत सोडून, हात लागेल तेवढेच नोड तयार करावे लागतात आणि डाव्या-उजव्या मुलाचे पत्ते नोडमध्ये लिहावे लागतात. एका नोंदीला फार तर ६१ नोड, म्हणजे लाख नोंदींना जास्तीत जास्त ६१ लाख.

स्वतः लिहून पाहणाऱ्यांनी पहिली चाचणी आठ आकड्यांवर न घेता सहावर घ्यावी. आठ हा दोनचा घात असल्यामुळे लांबीची चूक त्यात लपून जाते. सहा आकड्यांत कालखंड एकूण २१ च होतात. ते सगळे सरळ बेरजेशी ताडून पाहा, एक आकडा बदला आणि पुन्हा सगळे ताडून पाहा.