लहान भावंडाला मेसेज करताना ‘बाळा’ का खटकतं?

समजा, मुलचेऱ्यातल्या तुमच्या बारा वर्षांच्या मामेभावाने मेसेज केला : ‘आज रोवणीला गेलो होतो.’ तुम्ही लिहिता, ‘अरे वा! शहाणं बाळ माझं! दमलंस का?’ त्यावर फक्त ‘हो’ येतं आणि गप्पा तिथेच संपतात.

नेमकं काय बिघडलं? मराठीत तान्ह्या मुलाशी आपण लाडाने नपुंसकलिंगात बोलतो : ‘दमलंस’, ‘जेवलंस’. समोरासमोर आवाजातला जिव्हाळा ऐकू येतो, मेसेजमध्ये मात्र फक्त शब्दरूप उरतं. दिवसभर चिखलात राबलेल्या मुलाला ते ‘तू अजून लहानच’ असं सांगतं. ‘दमलास का?’ एवढा बदलही पुरेसा आहे.

दुसरी अडचण शाबासकीची. ती परीक्षकासारखी वाटते आणि तिला उत्तर काय द्यायचं, हे कळत नाही. त्यापेक्षा त्याला माहीत असलेलं आणि तुम्हाला खरंच माहीत नसलेलं विचारा : ‘किती बांध्या झाल्या? पऱ्हे पुरले का?’ इथे जाणकार तो असतो.

पण म्हणून त्याच्या वयाची भाषा उसनी घेऊ नका, ती लगेच ओळखू येते. काळजीची गोष्ट असेल तर कारणासकट एकदाच सांगा : ‘बांधीत साप असतात, अंधारात टॉर्च घेऊन जा.’ पुढे ‘कळलं ना?’ जोडू नका.

पाठवण्याआधी एकच बघा : हेच वाक्य तुम्ही समवयस्क मित्राला पाठवलं असतं का?